गाडी उभी असली की रेस आपोआप वर-खाली होते? कार्ब्युरेटर बदलण्याआधी हे रबर बघा

समजा, जालना जिल्ह्यातल्या मंठा तालुक्यात एका शेतकऱ्याकडे २०१७ सालची १५० सीसीची मोटारसायकल आहे. गाडी शेतात जाते, गावात जाते, आठवड्यातून एकदा जालन्याच्या मोंढ्यापर्यंतही जाते. दिवाळीनंतर थंडी पडायला लागली आणि गाडीने कुरकुर सुरू केली. सकाळी चोक ओढल्याशिवाय चालू होईना. गरम झाल्यावर सिग्नलला उभी केली की रेस आपोआप वाढायची, मग खाली यायची, पुन्हा वाढायची आणि एखाद्या वेळी गपकन बंद पडायची. रस्त्यावर ६० च्या वेगाने मात्र गाडी एकदम चांगली.

पहिल्या गॅरेजवाल्याने प्लग बदलला. दुसऱ्याने कार्ब्युरेटर खोलून साफ केला, स्लोचा स्क्रू थोडा आत घेतला आणि रेस वाढवून दिली. दोन दिवस बरं वाटलं, मग दुखणं आधीपेक्षा वाढलं. तिसऱ्याने सांगितलं, "भाऊ, कार्ब्युरेटरच गेलाय, नवीन टाका." नवा कार्ब्युरेटर म्हणजे काही हजारांचं काम. प्रत्यक्षात कार्ब्युरेटर धडधाकट होता. तो आणि इंजिन यांना जोडणाऱ्या रबराला खालच्या बाजूने भेग पडली होती आणि त्यावरची क्लिप नीट आवळली गेलेली नव्हती.

ही गाडी उदाहरणादाखल घेतली आहे, पण ही कहाणी जवळपास अशीच्या अशी कुठल्याही तालुक्याच्या गॅरेजात ऐकायला मिळेल. दोष कुठे आहे हे कळलं तर दुरुस्ती स्वस्तात होते. न कळल्यास एकेक चांगला पार्ट बदलत खर्च वाढत जातो.

हे रबर करतं काय?

पेट्रोल इंजिनात हवा आधी एअर फिल्टरमधून येते, मग कार्ब्युरेटरमध्ये. तिथे तिच्यात ठरलेल्या प्रमाणात पेट्रोल मिसळतं आणि ते मिश्रण एका छोट्या नळीतून इंजिनात जातं. या नळीला मॅनिफोल्ड म्हणतात. १५० सीसी आणि त्यावरच्या बऱ्याच मोटारसायकलींत ही नळी जाड रबराची किंवा धातूला चिकटवलेल्या रबराची असते. कार्ब्युरेटरचं तोंड तिच्यात खुपसलेलं असतं आणि वरून एक स्क्रूवाली क्लिप आवळलेली असते. १०० सीसीच्या अनेक साध्या गाड्यांत मात्र रबरी नळी नसते. तिथे धातूचा बाक असतो, त्यावर कार्ब्युरेटर दोन नटांनी बसवतात आणि मध्ये काळ्या बॅकेलाइटचा तुकडा व रबरी ओ-रिंग असते. पहिल्या प्रकारात भेग आणि क्लिप शोधायची, दुसऱ्या प्रकारात चपटी झालेली ओ-रिंग.

रबर वापरण्याचं कारण साधं आहे. इंजिन हादरतं आणि तापतं. तो हादरा आणि ती उष्णता कार्ब्युरेटरपर्यंत कमी पोहोचावी म्हणून मध्ये रबर. म्हणजे रोज हादरे खाणं आणि तापणं हेच त्याचं काम. वरून ऊन, धूळ आणि पेट्रोलची वाफ. जालन्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पार जातो आणि गाडी बऱ्याचदा बांधावर, उन्हातच उभी असते. काही वर्षांनी रबर कडक होतं, आकसतं आणि वाकतं त्या जागी तडकतं. थंडीत कडक रबर आणखी आखडतं, म्हणून हे दुखणं अनेकदा दिवाळीनंतर बाहेर येतं.

उभ्या गाडीतच त्रास का?

शहाळ्याच्या स्ट्रॉला मध्येच छोटं भोक पडलं तर काय होतं, ते आठवा. तुम्ही ओढता, पण पाण्यासोबत भोकातून हवाही तोंडात येते. इंजिनाचंही तसंच. गाडी उभी असते तेव्हा थ्रॉटल जवळजवळ बंद असतो. पिस्टन हवा ओढतो, पण दार बंद, त्यामुळे मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच कमी होतो. त्यात भेग असेल तर बाहेरची हवा तिच्यातून जोरात आत घुसते. ही हवा कार्ब्युरेटरमधून आलेली नसते, त्यामुळे तिच्या वाट्याचं पेट्रोल तिला मिळालेलंच नसतं.

आता थोडा हिशोब. १५० सीसीचं इंजिन मिनिटाला १४०० फेरे घेत असेल, तर चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे ७०० वेळा ते हवा ओढतं. सिलेंडर पूर्ण भरला असता तर ती १०५ लिटर झाली असती. पण थ्रॉटल बंद असल्याने साधारण तिसरा हिस्सा भरतो असं धरू, म्हणजे ३५ लिटर. भेगेतून मिनिटाला ७ लिटर हवा आत येत असेल, तर एकूण हवा पाचव्या हिश्श्याने वाढली. कार्ब्युरेटरने १ भाग पेट्रोलला १३ भाग हवा असं थोडं दाट मिश्रण दिलं होतं, ते आता १५.६ च्या आसपास पातळ झालं. आयडलवर सिलेंडरमध्ये जळालेला धूरही बराच उरलेला असतो, त्यामुळे इतकं पातळ मिश्रण दर वेळी नीट पेटत नाही.

तीच गाडी ६००० फेऱ्यांवर, थ्रॉटल उघडा ठेवून पळवली तर इंजिन मिनिटाला ३५० लिटरहून जास्त हवा घेतं. दार उघडं असल्याने मॅनिफोल्डमधली ओढ कमी झालेली असते, म्हणून भेगेतून येणारी हवाही घटते. ३५० लिटरमध्ये २-३ लिटर चोरटी हवा आली काय आणि न आली काय, इंजिनाला कळतही नाही. "पळताना चांगली, उभी असताना खराब" ही तक्रार म्हणूनच महत्त्वाची आहे. मेकॅनिकला ती स्पष्ट शब्दांत सांगा.

रेस वर-खाली का होते, तेही यातूनच कळतं. थोडीशी जादा हवा मिळाली की इंजिन आधी वेग घेतं. मिश्रण फार पातळ झालं की एखादा स्ट्रोक पेटत नाही आणि वेग पडतो. वेग पडला की मॅनिफोल्डमधली ओढ कमी होते, चोरटी हवा घटते, मिश्रण पुन्हा पेटण्याजोगं होतं आणि वेग चढतो. हा झोका चालूच राहतो. चालत्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर रेस लगेच खाली न येता वर लटकून राहते आणि सायलेन्सरमधून फट् फट् आवाज येतो, त्याचं मूळही इथेच. न पेटलेलं मिश्रण सायलेन्सरमध्ये जाऊन तिथे पेटतं.

रबर फाटलंय की दुसरंच काही आहे?

सगळीच खराब आयडल मॅनिफोल्डमुळे होत नाही. हात लावण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या.

पहिली, गाडी चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा. हँडल वळवताना रेस वाढत असेल तर थ्रॉटलची केबल ओढली जाते आहे. रबराचा संबंध नाही.

दुसरी, चोक. गाडी गरम असताना रेस हेलकावे खात असेल, तेव्हा चोक हळूहळू अर्धा ओढा. चोक ओढला की मिश्रण दाट होतं. गाडी त्याने एकदम शांत झाली तर मिश्रण पातळ आहे एवढं नक्की झालं. गाडी आणखी गुदमरली, काळा धूर सोडायला लागली तर दोष उलट बाजूचा आहे आणि मॅनिफोल्डवर वेळ घालवू नये.

मात्र मिश्रण पातळ असणं म्हणजे रबर फाटलेलंच असणं नव्हे. कार्ब्युरेटरमधला आयडलचा बारीक जेट कचऱ्याने बुजला तरी मिश्रण पातळच होतं. फरक असा की जेट बुजलेली गाडी बहुतेक वेळा खाली बसते, बंद पडत राहते. चोरटी हवा घेणारी गाडी मधूनच रेस वर नेते आणि लटकवून ठेवते. ही खूण शंभर टक्के खात्रीची नाही. खात्री पुढच्या तपासणीने होते.

भेग शोधायची कशी?

अनेक ठिकाणी मेकॅनिक चालू इंजिनाच्या रबरावर पेट्रोलचे थेंब टाकतात किंवा कार्ब्युरेटर क्लीनरचा स्प्रे मारतात. थेंब भेगेतून आत गेला की रेस बदलते. पद्धत काम करते, पण शेजारी तापलेलं इंजिन, सायलेन्सर आणि प्लगची वायर असते. वायरीतून एखादी ठिणगी बाहेर उडत असेल तर गाडी पेटायला वेळ लागत नाही. घरी हे करूच नका. साध्या पाण्याने तेच काम होतं.

गाडी मोकळ्या हवेत, मेन स्टँडवर लावा. दार बंद असलेल्या शेडमध्ये नको, धुराने जीव गुदमरतो. टाकी आणि साइड पॅनल काढावी लागत असेल तर काढा, कारण रबर चारही बाजूंनी दिसलं पाहिजे. गाडी इतकीच गरम करा की चोकशिवाय चालेल. फार तापवू नका, कारण रबर तापून फुगलं की बारीक भेग तात्पुरती बंद होते आणि दोष लपतो.

आता कपड्यांना इस्त्री करताना वापरतात तसली स्प्रेची बाटली घ्या आणि तिची धार बारीक करा. आधी क्लिपच्या जागेवर तीन-चार सेकंद पाणी मारा आणि थांबून आवाज ऐका. मग रबराच्या वरच्या बाजूवर, मग दोन्ही कडांवर, मग खाली, शेवटी रबर इंजिनाला बोल्टने जोडलेलं असतं त्या सांध्यावर. प्रत्येक जागेनंतर दहा सेकंद थांबा, नाहीतर कोणत्या फवाऱ्याचा परिणाम झाला हे कळणार नाही. पाणी भेगेवर पडलं की ते क्षणभर भेग बुजवतं किंवा थोडं आत ओढलं जातं. रेस एकदम पडते किंवा बदलते. दोन-तीनदा तीच जागा भिजवल्यावर तसंच झालं, तर भेग सापडली. एअर फिल्टरच्या तोंडावर आणि प्लगच्या टोपीवर पाणी जाऊ देऊ नका, नाहीतर त्यामुळेच गाडी अडखळेल आणि तुम्ही फसाल.

पाण्याने काही कळलं नाही तर हाताने बघा. गाडी आयडलवर असताना कार्ब्युरेटर वरच्या बाजूने धरा आणि अगदी हलकेच वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. हात गरम इंजिनाला लागू देऊ नका. हलवताना रेस बदलली तर रबर किंवा क्लिप हवा घेते आहे. मंठ्याच्या आपल्या गाडीत नेमकं हेच झालं. वरून रबर काळं कुळकुळीत, चांगलं दिसत होतं. कार्ब्युरेटर वर उचलला की खालची भेग उघडायची आणि गाडी बंद पडायला बघायची.

या तपासणीत लोक एक जागा हमखास विसरतात. मॅनिफोल्डवर कधीकधी एक बारीक नळीचं टोक असतं. त्याला पेट्रोलच्या कॉकची किंवा प्रदूषण कमी करणाऱ्या व्हॉल्वची पातळ रबरी नळी जोडलेली असते, नाहीतर वर नुसती रबरी टोपी असते. ती टोपी तडकलेली किंवा गळून पडलेली असली तरी लक्षणं हुबेहूब तीच. नळी क्षणभर चिमटीत दाबून पाहा. दाबल्यावर आयडल सुधारली तर दोष त्या नळीत किंवा ती जिथे जाते तिथे आहे.

एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटर यांच्यामधलं मागचं रबर वेगळं. ते फाटलं तर आत येणारी हवा कार्ब्युरेटरमधूनच जाते, त्यामुळे आयडल फारशी बिघडत नाही. पण धूळ फिल्टरशिवाय थेट आत जाते. वाळलेल्या काळ्या मातीच्या रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीत ती धूळ पिस्टनच्या रिंगा आणि सिलेंडर घासून टाकते. आवाजाने हा दोष कळणार नाही, तो डोळ्यांनीच बघावा लागतो.

क्लिप घट्ट आहे, तरी सैल आहे

भेग नाही, तरी गाडी हवा घेते, असंही होतं. तेव्हा क्लिपकडे बघा. स्क्रू पूर्ण आवळलेला, पाना फिरत नाही, म्हणून मेकॅनिक पुढे जातो. पण क्लिपचे दोन्ही कान एकमेकांना टेकले असतील, तर स्क्रू कितीही घट्ट असला तरी तो कानांनाच दाबतो आहे, रबराला नाही. जुनं रबर आकसलं की असं होतं. कानांमध्ये थोडी फट उरलेली असेल तरच क्लिप पकडते आहे असं समजावं.

दुसरी चूक कार्ब्युरेटर साफ करून परत बसवताना होते. कार्ब्युरेटरचं तोंड रबरात पूर्ण आत जात नाही, एक बाजू अर्धवट राहते आणि क्लिप तिरकी बसते. बऱ्याच रबरांवर एक छोटा उंचवटा असतो आणि कार्ब्युरेटरवर त्यासाठी खाच. दोन्ही जुळले की कार्ब्युरेटर सरळ बसला. आपल्या गाडीत सफाईनंतर दुखणं वाढलं, ते याच कारणाने. आधी नुसती भेग होती, तिच्यात तिरकी क्लिप भर घालून गेली.

दुरुस्ती

गाडी थंड झाल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करा, क्लिप सैल करून कार्ब्युरेटर मागे ओढा, दोन बोल्ट काढून रबर बाहेर काढा. उजेडात धरून बोटांनी सगळीकडे वाकवा. न वाकवलेल्या रबरात भेग दिसत नाही, वाकवल्यावर ती तोंड उघडते. वरवरच्या बारीक रेषा चालतात. वाकवल्यावर खोल जाणारी किंवा आतल्या बाजूनेही दिसणारी भेग चालत नाही. जिथे रबर धातूला चिकटवलेलं असतं ती कडा नखाने तपासा. तिथे ते सुटलेलं असतं आणि बाहेरून काहीच कळत नाही.

फाटलेलं रबर बदलावंच लागतं. एम-सील, फेविक्विक, सिलिकॉन यांपैकी काहीही तिथे टिकत नाही. सिलिकॉन पेट्रोलने फुगतो, त्याचे तुकडे सुटून आत व्हॉल्वपर्यंत जाऊ शकतात. गाडी रानात अडकली आणि घरी आणायचीच असेल, तर जुन्या सायकल ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा आणि वरून तारेने बांधा. तेवढ्यापुरतं चालतं. नवं रबर घेताना गाडीचं मॉडेल आणि साल सांगून घ्या आणि सोबत नवी ओ-रिंग घ्या. जुनी ओ-रिंग चपटी झालेली असते.

बसवण्याआधी इंजिनाच्या तोंडावरचं जुनं पॅकिंग खरवडून काढा, पण आत कचरा पडू नये म्हणून भोकात स्वच्छ फडकं कोंबा आणि बसवताना ते काढायला विसरू नका. दोन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. १०० सीसीच्या गाड्यांत कार्ब्युरेटरचे नट जोर लावून आवळले की त्याची पट्टी मधून वाकते आणि मग नवी ओ-रिंगही हवा रोखत नाही. काचेच्या तुकड्यावर ती पट्टी ठेवून पाहिली की बाक लगेच दिसतो.

सगळं बसवल्यावर गाडी चालू केली आणि रेस भलतीच वाढली, तर घाबरू नका. आधीच्या मेकॅनिकने भेगेवर उपाय म्हणून आत घेतलेला स्लोचा स्क्रू अजून तसाच आहे. गाडी पूर्ण गरम झाल्यावर तो बाहेर काढत आयडल पुस्तिकेतल्या आकड्यावर आणा. बहुतेक छोट्या मोटारसायकलींना १३०० ते १५०० फेरे लागतात. मग पाण्याची तपासणी पुन्हा एकदा करा. आता कुठेही रेस बदलता कामा नये.

नव्या गाड्यांत काय होतं?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. रबर मात्र तिथेही आहे आणि तेही तडकतं. फरक एवढाच की इंजिनाचा कॉम्प्युटर सायलेन्सरमधल्या ऑक्सिजन सेन्सरवरून पातळ मिश्रण ओळखतो आणि पेट्रोल वाढवून झाकायला बघतो. त्यामुळे सुरुवातीला त्रास जाणवत नाही, ॲव्हरेज पडतं, मग कधीतरी इंजिनाचा दिवा लागतो.

कारमध्ये स्कॅनर लावला की अशा वेळी बहुधा P0171 हा कोड दिसतो. त्याचा अर्थ मिश्रण पातळ आहे एवढाच. सेन्सर बदला असा त्याचा अर्थ नाही, तरी तो वाचून सेन्सर बदलले जातात. स्कॅनरवर STFT आणि LTFT हे दोन आकडे बघायला सांगा. कॉम्प्युटर किती टक्के जादा पेट्रोल देतो आहे, ते या दोघांच्या बेरजेतून कळतं. ती बेरीज आयडलवर २० च्या पुढे असेल आणि २५०० फेऱ्यांवर ५ च्या आसपास उतरत असेल, तर हवा मॅनिफोल्डमधून शिरते आहे. दोन्हीकडे सारखीच जास्त असेल तर पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर बघावा. वर मोटारसायकलसाठी केलेला हिशोबच इथे आकड्यांत दिसतो.

कारमध्ये मॅनिफोल्डवरूनच एक जाड नळी ब्रेकच्या बूस्टरला जाते. आयडल खराब आणि ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा कडक लागत असेल, तर सगळ्यात आधी ती नळी तपासा आणि तोवर गाडी रस्त्यावर नेऊ नका.